हातांना चिरा पडल्यावर मालकाला लिहायचं पत्र

सफाईच्या कामात हातांना चिरा पडू लागल्या, आग व्हायला लागली, की बहुतेक बाया सुपरवायझरला एकच गोष्ट सांगतात: "साहेब, थोडे दिवस हलकं काम द्या." सुपरवायझर भला असेल तर तो ऐकतोही. मग त्या बाईला वॉर्डातून काढून पॅन्ट्रीत ठेवतात, कपबश्या विसळायला. पाठीला आराम मिळतो, पण हातांचं आणखी वाटोळं होतं. वॉर्डात तिचे हात अधूनमधून ओले व्हायचे, पॅन्ट्रीत ते दिवसभर साबणाच्या पाण्यात राहतात. पंधरा दिवसांनी हात जास्त चिघळलेले असतात आणि सुपरवायझर म्हणतो, "हलकं काम देऊन पाहिलं, तरी हिचं रडगाणं आहेच."

म्हणून कामबदलाचं पत्र लिहिताना सगळ्यात आधी हे पक्कं ठरवायचं की मागायचं काय. आजाराचं वर्णन पत्रात दोन-तीन वाक्यांत आटोपतं. खरी मेहनत लागते ती कुठली कामं काढून घ्यायची आणि त्यांच्या जागी कुठली द्यायची, हे नेमकं मांडायला. सुपरवायझरच्या हातात रोस्टर असतं. पत्र वाचून त्याला त्या रोस्टरवर खाडाखोड करता आली पाहिजे.

त्यासाठी हातांना नेमकं काय होतं ते थोडं समजून घेऊ. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थ असतात. ओलावा आत धरून ठेवणं आणि बाहेरच्या रसायनांना आत येऊ न देणं हे त्यांचं काम. साबण, डिटर्जंट, फिनेल, संडास घासायचं ॲसिड, ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, हे सगळे पदार्थ ही स्निग्धता काढून टाकतात किंवा कातडी थेट भाजतात. नुसतं पाणीसुद्धा निरुपद्रवी नाही. तासन्‌तास ओली राहिलेली कातडी फुगते, सुकताना आक्रसते आणि तिला बारीक भेगा पडतात. त्या भेगांतून रसायन आत शिरतं. दिवसात दोन तासांहून जास्त वेळ हात ओले राहणं हे व्यावसायिक आरोग्याच्या क्षेत्रात धोक्याचं मानलं जातं. "मला केमिकलचं काम देऊ नका" एवढी मागणी अपुरी पडते ती यामुळेच. केमिकल गेलं तरी पाणी राहतंच.

या त्रासाला डॉक्टर कॉन्टॅक्ट डर्मटायटिस म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत आणि पत्रासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारात रसायनं आणि पाणी कातडीला हळूहळू झिजवतात. हा कोणालाही होऊ शकतो, आणि संपर्क कमी केला की उतरतो. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. यात शरीर एखाद्या ठरावीक पदार्थावर बिथरतं आणि मग तो अगदी थोडा लागला तरी पुरळ उठतं, पाण्याचे फोड येतात, कधी मनगटाच्या वरपर्यंत पसरतं. अशा वेळी तो पदार्थ पूर्ण बंदच करावा लागतो. नुसत्या नजरेनं दोन्हींतला फरक अनुभवी डॉक्टरलाही नेहमी ओळखता येत नाही, आणि एकाच हातावर दोन्ही असू शकतात. पक्कं कळतं ते पॅच टेस्टनं. संशयित पदार्थांच्या छोट्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि पाठ बघतात, मग एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नसते. वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात ही तपासणी बऱ्याच ठिकाणी होते. पत्र पाठवायला मात्र तिच्या निकालासाठी थांबू नये. निकाल नंतर जोडता येतो.

आता एक उदाहरण घेऊन पत्र बांधू. एका खासगी रुग्णालयात ठेकेदारामार्फत हाउसकीपिंग करणाऱ्या बाई आहेत असं धरू. पाळी सकाळी ७ ते दुपारी ३, नेमणूक तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात. बोटांच्या बेचक्यांत आणि सांध्यांवर चिरा पडल्यात, अंगठीखाली लाल चट्टा आहे, रात्री आग होते. पगार २१,००० रुपयांच्या आत आहे, म्हणून त्या ई.एस.आय.मध्ये आहेत.

पत्राआधी या बाईंनी एक आठवडा रोज घरी गेल्यावर वहीत चार ओळी लिहायच्या. आज कोणती कामं केली, प्रत्येकात हात अंदाजे किती वेळ ओले होते, कुठलं रसायन वापरलं, हातमोजे होते का, आणि संध्याकाळी हात कसे होते. शिकल्या नसतील तर मुलीला सांगून लिहून घ्यावं. शिवाय दोन्ही हातांचे, पंजा आणि मागची बाजू असे फोटो, तारखेसकट. आणखी एक फोटो फार उपयोगी पडतो: ज्या पाच लिटरच्या कॅनमधून रसायन ओततात त्याच्या लेबलचा. वॉर्डात वापरतात त्या स्प्रेच्या बाटलीवर सहसा काहीच लिहिलेलं नसतं, आणि "निळं लिक्विड" एवढ्यावरून डॉक्टर काही सांगू शकत नाहीत. कॅनवर घटक लिहिलेले असतात आणि किती पाण्यात किती घालायचं तेही असतं. बऱ्याचदा त्रासाचं अर्धं मूळ तिथेच सापडतं. पाच टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचं एक टक्क्याचं द्रावण हवं असेल तर एक भाग रसायनात चार भाग पाणी घालायचं असतं. माप नसलं की हाताच्या अंदाजानं ओतलं जातं आणि द्रावण दुप्पट-तिप्पट तेज होतं. इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो: संडासचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

आपल्या बाईंची वही सांगते की दिवसभराच्या कामांपैकी तीन कामांतच हात सगळ्यात जास्त वेळ ओले असतात: स्वच्छतागृहं ॲसिडनं घासणं, बेडपॅन धुणं आणि पोछा हातानं पिळणं. मिळून रोज सुमारे साडेतीन तास. चादरी बदलताना, कचऱ्याच्या पिशव्या उचलताना हात कोरडेच असतात. पत्राचा कणा इथे तयार झाला.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुट्टीचा पुरावा. सुपरवायझर हमखास विचारणार, "घरी भांडी घासत नाही का? त्यानंच झालं असेल." प्रश्न अवाजवी नाही, डॉक्टरही तो विचारतात, आणि खरं उत्तर द्यावं. पण दिवाळीत आठ दिवस घरी असताना, फराळाची भांडी आणि घराची साफसफाई चालू असूनही हात सुधारले आणि कामावर परतल्यावर चार दिवसांत पुन्हा चिरा पडल्या, तर कारण कुठे आहे ते स्पष्ट दिसतं. हे एक वाक्य पत्रात आलंच पाहिजे.

मग डॉक्टर. ई.एस.आय.च्या दवाखान्यातून त्वचारोग विभागाकडे चिठ्ठी घ्यावी आणि वही, फोटो, लेबल दाखवावं. प्रमाणपत्रावर फक्त "विश्रांतीची गरज" किंवा "हलकं काम द्यावं" असं लिहून मिळालं तर नम्रपणे विनंती करावी की काय टाळायचं ते लिहा. उदाहरणार्थ: "हात पाण्यात किंवा क्लीनिंग रसायनांत घालण्याचे काम १२ आठवडे टाळावे. इतर कामासाठी तंदुरुस्त." हे शेवटचे तीन शब्द फार मोलाचे आहेत. ते नसतील तर "तब्येत बरी नाही, घरी बसा" म्हणायला जागा राहते. बारा आठवडे मागण्यामागेही कारण आहे. लाली आणि चिरा दोन-तीन आठवड्यांत भरून येतात, पण कातडीचा आतला बांध पुन्हा पक्का व्हायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, कधी काही महिने. हात दिसायला बरे झाले म्हणून लगेच जुन्या कामावर गेलं की त्रास पूर्वीपेक्षा लवकर उलटतो.

पत्र कोणाला लिहायचं? पगार ठेकेदार देतो, म्हणून पत्र ठेकेदाराला. पण रसायनं, खोल्या आणि कामाची रचना रुग्णालयाची असते, आणि ठेक्यावरच्या कामगारांच्या बाबतीत रुग्णालय हे मुख्य नियोक्ता असतं. म्हणून एक प्रत रुग्णालयाच्या प्रशासनाला. सुपरवायझरला तोंडी कल्पना आधी द्यावी, नाहीतर आपल्याला डावललं असं त्याला वाटतं आणि उद्या रोस्टर त्यालाच बदलायचं आहे. पत्र असं होईल:

प्रति,
मा. व्यवस्थापक,
(ठेकेदार कंपनीचे नाव व पत्ता)

दिनांक:

विषय: हातांच्या त्वचारोगामुळे कामाच्या वाटपात तात्पुरता बदल मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या कंपनीतर्फे (रुग्णालयाचे नाव) येथे दोन वर्षांपासून हाउसकीपिंग विभागात काम करते. सध्या माझी नेमणूक तिसऱ्या मजल्यावरील वॉर्डात, सकाळी ७ ते दुपारी ३ या पाळीत आहे.

गेल्या तीन महिन्यांपासून माझ्या दोन्ही हातांना चिरा पडत आहेत व आग आणि खाज होते. दिवाळीत आठ दिवस घरी असताना, घरकाम चालू असूनही हात बरेच सुधारले. कामावर परतल्यावर चार दिवसांत त्रास पुन्हा सुरू झाला. ई.एस.आय. रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून कॉन्टॅक्ट डर्मटायटिस असे निदान केले आहे. प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे.

माझ्या रोजच्या कामांपैकी स्वच्छतागृहे ॲसिडने घासणे, बेडपॅन धुणे व पोछा हाताने पिळणे या तीन कामांत माझे हात रोज सुमारे साडेतीन तास ओले असतात व त्यामुळे त्रास वाढतो. पुढील १२ आठवडे ही तीन कामे मला देऊ नयेत, अशी विनंती आहे.

मी कामासाठी तंदुरुस्त आहे व पूर्ण पाळी काम करण्याची माझी तयारी आहे. वरील कामांच्या जागी चादरी बदलणे, कपड्यांच्या ट्रॉल्यांची ने-आण, कोरडा कचरा गोळा करणे, ओपीडीतील कोरडी झाडलोट किंवा स्टोअरमधील साहित्य मोजून देणे यांपैकी आपल्या सोयीचे काम मला द्यावे. भांडी धुणे किंवा कपडे भिजवणे यातही हात ओले राहत असल्याने ती कामे मला चालणार नाहीत. या बदलामुळे माझी पाळी, हजेरी व वेतन यांत फरक पडू नये.

तसेच पोछा पिळण्याची ट्रॉली, रसायन मोजण्याचे माप आणि आतून सुती अस्तर वापरता येईल असे लांब हातमोजे उपलब्ध करून द्यावेत. वापरातील रसायनांच्या सुरक्षा माहितीपत्रकांच्या प्रती मिळाल्यास डॉक्टरांना दाखवता येतील.

सहा आठवड्यांनी मी पुन्हा तपासणी करून प्रगती आपल्याला कळवीन. कृपया या पत्राचे उत्तर सात दिवसांत लेखी द्यावे.

आपली विश्वासू,
(नाव, टोकन क्रमांक, सही)

सोबत: वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत
प्रत: मा. प्रशासकीय अधिकारी, (रुग्णालयाचे नाव)

या पत्रात पगारवाढ नाही, सुपरवायझरच्या बोलण्याची तक्रार नाही, थकलेल्या ओव्हरटाइमचा उल्लेख नाही. त्या तक्रारी खऱ्या असतील, तरी त्यांच्यासाठी वेगळं पत्र लिहावं. एकत्र लिहिलं की उत्तर देणारा सोप्या मुद्द्याला उत्तर देतो आणि हातांचा मुद्दा तसाच राहतो. "मला काम जमत नाही" हे वाक्यही पत्रात कुठे नाही. जमत नाही ते तीन प्रकारचं काम, बाकीचं जमतं, आणि पर्याय पत्रातच दिले आहेत. पर्याय देताना ते रोस्टरवर खरोखर आहेत का हे बघून द्यावेत. नसलेलं काम मागितलं तर नकार देणं सोपं होतं. एखाद्या मैत्रिणीशी आधी बोलून अदलाबदल ठरली असेल, म्हणजे ती स्वच्छतागृहं करेल आणि या बाई तिच्या चादरी करतील, तर ते सुपरवायझरला तोंडी सांगावं. पण एकाच मैत्रिणीवर सगळं ओलं काम टाकलं तर काही महिन्यांनी तिचेही हात असेच होतील, म्हणून ते दोघी-तिघींत वाटलेलं बरं.

यावर पहिलं उत्तर बहुधा येतं ते म्हणजे, "ग्लव्हज घाला आणि काम करा." त्याची तयारी ठेवावी. तपासणीचे पातळ रबरी हातमोजे संडास घासताना फाटतात, आणि फाटलेल्या मोज्यात शिरलेलं ॲसिड कातडीला चिकटून राहतं. उघड्या हातावर पडलं असतं तर निदान लगेच धुतलं गेलं असतं. मोजा न फाटता तासन्‌तास घातला तरी आत घामानं हात भिजतात, म्हणजे पुन्हा ओलंच काम. म्हणून आत सुती अस्तर, मोजे कोरड्या हातांवर चढवायचे, वीस-तीस मिनिटांनी काढायचे आणि अस्तर ओलं झालं की बदलायचं. हात वर करून भिंत धुताना पाणी कोपराकडे वाहतं, म्हणून मोज्याची कड बाहेर दुमडायची. शिवाय रबर तयार करताना थायुरॅमसारखी रसायनं वापरतात आणि काहींना त्यांचीच ॲलर्जी असते. पुरळ नेमकं मोज्याच्या कडेपाशी थांबत असेल, तर हा संशय घ्यावा आणि पॅच टेस्टमध्ये तो तपासून घ्यावा. नायट्राइलच्या मोज्यांतही अशी रसायनं असू शकतात, तेव्हा निदान होईपर्यंत विनाइलचे वापरून पाहता येतात.

पत्र देताना दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर सही, तारीख आणि शिक्का घेऊन पोच घ्यावी. कोणी पोच द्यायला नाही म्हणालं तर वाद न घालता तेच पत्र स्पीड पोस्टानं पाठवावं, पावती जपून ठेवावी आणि पत्राचा फोटो सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर टाकावा. मूळ प्रमाणपत्र आपल्याकडेच ठेवायचं. दुसऱ्या कुठल्या कागदावर सही मागितली, तर तो आधी घरी नेऊन कोणाकडून वाचून घ्यावा. "तब्येतीच्या कारणास्तव स्वेच्छेने काम सोडत आहे" असा मजकूर अशा वेळी पुढे केला जातो.

कायद्याच्या बाजूनं खरी परिस्थिती सांगायला हवी. अशा तात्पुरत्या त्वचारोगासाठी काम बदलून द्यायलाच हवं, असा थेट हक्क आपल्याकडे नाही. दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्याचं संरक्षण सहसा इथे लागू होत नाही. पण रसायनांमुळे होणारे त्वचारोग व्यावसायिक आजारांच्या कायदेशीर यादीत आहेत. डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली तर ई.एस.आय.मधून आजारपणाचा लाभ मिळतो, सरासरी वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. आजार कामामुळेच झाला असं ठरलं तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ साधारण ९० टक्क्यांनी मिळतो. ते ठरवताना पहिला प्रश्न असतो की त्रास कधी सुरू झाला आणि मालकाला कधी कळवलं होतं. पोच घेतलेल्या पत्रावरची तारीख तिथे कामी येते, मालकानं त्या पत्राकडे ढुंकून पाहिलेलं नसलं तरीही.

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर चार ओळींचं स्मरणपत्र द्यावं, पहिल्या पत्राची तारीख घालून. पुन्हा शांतता, तर तेच पत्र रुग्णालयाच्या प्रशासनाला थेट, आणि त्यानंतर सहाय्यक कामगार आयुक्तांकडे. युनियन असेल तर पहिल्या स्मरणपत्रापासूनच तिला बरोबर घ्यावं.

बदल मिळाला तरी वही बंद करू नये. सहाव्या आठवड्यात दोन शक्यता असतात. हात सुधारत असतील तर मालकाला एक ओळ लिहायची की फरक पडतो आहे, ठरल्याप्रमाणे बारा आठवडे पूर्ण होऊ द्यावेत. जुनं काम हळूहळू परत घ्यायचं असेल, तर आधी एकच काम, हातमोज्यांसह, आणि दोन आठवडे वाट बघायची. हात सुधारले नसतील, तर कोरड्या कामातही काहीतरी लागतं आहे असं समजायचं. बऱ्याचदा ते दर वेळी चोळायचं सॅनिटायझर असतं, स्टोअरमधल्या गळक्या कॅनची कड असते किंवा मोज्याचं रबरच असतं. तेव्हा पॅच टेस्ट टाळून चालत नाही. तिच्या निकालात एखादा पदार्थ निघाला, तर दुसऱ्या पत्रात त्याचं नाव, तो कुठल्या कॅनमध्ये आहे आणि तो पूर्ण बंद करण्याची विनंती, एवढंच लिहायचं.